हायब्रिड नोकरी पुण्याची, घर कोल्हापूरचं: पॉलिसी कशी वाचायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यातल्या कंपनीची ऑफर आली, त्यात 'हायब्रिड' लिहिलं आहे, आणि घर राजारामपुरीत, उचगावात नाहीतर कळंब्यात आहे, अशा मंडळींचे हे प्रश्न आहेत. काही प्रश्न त्यांच्या आईवडिलांचेही आहेत. मी बरीच वर्षं पुण्यात एचआरमध्ये काढली. अशा पॉलिसी वाचल्या आणि लिहिल्याही. त्यामुळे त्यातलं कुठलं वाक्य कशासाठी टाकलेलं असतं, याचा अंदाज आहे. उत्तरं त्याच अनुभवातून दिली आहेत.

हायब्रिड म्हणजे नक्की काय? निम्मं घरून, निम्मं ऑफिसातून?

याची ठरलेली व्याख्या कुठेच नाही. आठवड्यातून चार दिवस ऑफिसात बोलावून शुक्रवारी घरून काम करू देणारी कंपनीही स्वतःला हायब्रिड म्हणवते, आणि तीन महिन्यांतून एकदा दोन दिवस बोलावणारीही. हिंजवडीपासून अर्ध्या तासावर राहणाऱ्याला हा फरक फारसा जाणवत नाही. कोल्हापूर ते पुणे मात्र सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे अंतर आहे. त्यामुळे 'हायब्रिड आहे ना?' हा प्रश्न विचारून काही कळत नाही. किती दिवस, ते कोण ठरवतं, आणि कसे मोजतात, हे तिन्ही विचारायला हवं.

आमच्या ऑफर लेटरमध्ये 'आठवड्यातून तीन दिवस ऑफिस' असं स्पष्ट लिहिलंय. एवढं पुरे ना?

नाही. या एका ओळीचे तीन वेगवेगळे अर्थ निघतात.

पहिला अर्थ ठरलेल्या वारांचा. मंगळवार, बुधवार, गुरुवार यायचंच, बाकी घरून. बऱ्याच कंपन्यांना हा प्रकार सोयीचा वाटतो, कारण सगळी टीम एका दिवशी भेटते. दुसरा अर्थ फक्त मोजणीचा: सोमवार ते शुक्रवारातले कोणतेही तीन. तिसरा सरासरीचा: महिन्याचे किंवा तिमाहीचे दिवस भरले की झालं, मग ते सलग भरा नाहीतर तुकड्यातुकड्यांनी.

कोल्हापूरकराच्या दृष्टीने तिसरा सर्वांत बरा आणि पहिला सर्वांत महागडा. ठरलेल्या वारांना सोमवारी रात्री निघायचं आणि गुरुवारी रात्री परतायचं, हे दर आठवड्याला आलं. सरासरी असेल तर महिन्याचे बारा दिवस दोन खेपांत भरून टाकता येतात. कागदावर दोन्ही 'आठवड्यातून तीन दिवस'च.

सरासरी कशी मोजतात? एखादं उदाहरण द्याल का?

समजा पॉलिसीत लिहिलंय की तिमाहीतल्या कामाच्या दिवसांपैकी ६० टक्के दिवस ऑफिसात हजर राहायचं. तिमाहीत शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या वजा जाऊन ६३ कामाचे दिवस आहेत. ६३ चे ६० टक्के ३७.८, म्हणजे ३८ दिवस झाले.

आता तुम्ही त्या तिमाहीत आठ दिवस रजा घेतली. बहिणीचं लग्न होतं म्हणा. काही कंपन्या रजेचे दिवस आधी वजा करतात: ६३ मधून ८ गेले, उरले ५५, त्यांचे ६० टक्के ३३. काही कंपन्या रजा वजाच करत नाहीत. तुम्ही रजेवर असलात तरी ३८ चा आकडा तसाच उभा. म्हणजे मंजूर झालेली रजा घेऊनसुद्धा पाच दिवस जास्त भरायचे, आणि तेही उरलेल्या कमी आठवड्यांत. पुण्यात राहणाऱ्याला ही कुरकुरीची गोष्ट, कोल्हापूरकराला मात्र जवळपास दोन आठवड्यांच्या जादा खेपा.

हे बहुधा मुख्य पॉलिसीत नसतं. 'हजेरीची मोजणी' अशा नावाचा वेगळा कागद किंवा पोर्टलवरचं पान असतं, तिथे सापडतं. आणि तिथेही नसेल तर विचारा, कारण तेव्हा ते कुणीतरी तोंडी ठरवत असतं.

ठरलेल्या वारीच सण आला तर?

गणेश चतुर्थी बुधवारी आली तर बुधवारची हजेरी अर्थातच नाही. पण त्याऐवजी सोमवारी किंवा शुक्रवारी यायचं का, यावर कंपन्यांचं एकमत नाही. 'ठरलेले वार' असतील तर सहसा बदली दिवस मागत नाहीत. 'आठवड्याला तीन' असेल तर मागतात, कारण चार कामाच्या दिवसांतूनही तीन भरता येतात असा त्यांचा हिशेब असतो. मग ऐन गौरी-गणपतीच्या आठवड्यात तुम्ही महामार्गावर.

हजेरी म्हणजे कार्ड पंच केलं की झालं ना?

गेटवर कार्ड पंच होतं ते एक. दुसरं, बऱ्याच ठिकाणी किमान तास ठरलेले असतात, आणि ऑफिसच्या वायफायवर लॅपटॉप किती वेळ जोडलेला होता तेही बघता येतं. इथे आपल्याकडची मंडळी हमखास अडकतात. गुरुवारी दुपारी तीनला निघून स्वारगेट गाठायचं, रात्री नऊपर्यंत घरी, असा बेत असतो. काम राहिलेलं गाडीत किंवा रात्री घरी पूर्ण होतं, मॅनेजरचीही हरकत नसते. पण किमान सहा तास अशी अट असेल आणि तुम्ही साडेदहाला आला असाल, तर यंत्रणेत तो अर्धा दिवस पडतो. महिनाअखेरीस एचआरची मेल येते आणि मॅनेजर म्हणतो, 'मला काही प्रॉब्लेम नाही रे, पण सिस्टीम दाखवतेय.' म्हणून किमान तास किती, आणि अपवाद नोंदवायची सोय मॅनेजरकडे आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

इथे हातात ४५ हजार पडतात, पुण्यात हायब्रिडला ६२ हजार मिळणार आहेत. घ्यावी का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून आकडे मांडूनच बघू. खालचे दर उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमचे स्वतःचे भरा.

ठरलेले वार, आठवड्यातून तीन. महिन्याच्या चार खेपा, येण्याजाण्याचे एका खेपेचे १,४०० धरले तर ५,६०० रुपये. पुण्यात कॉट बेसिसवर जागा घेतली तर महिन्याचे ९,०००. तुम्ही बाराच दिवस झोपणार असलात तरी कॉटवाल्या काकू महिन्याचंच भाडं घेणार. बाहेरचं खाणं दिवसाला २५० प्रमाणे बारा दिवसांचे ३,०००, आणि कॉट ते ऑफिस रिक्षा-बसचे दिवसाला १५० प्रमाणे १,८००. एकूण १९,४००. बासष्टमधून वजा करा, उरले ४२,६००. म्हणजे सतरा हजारांनी मोठी दिसणारी नोकरी प्रत्यक्षात आत्तापेक्षा २,४०० रुपयांनी लहान, आणि वर आठ प्रवास.

आता तेच बारा दिवस सलग, दोन खेपांत भरू दिले असं धरा. प्रवास निम्म्यावर, २,८०० वाचले. उरले ४५,४००. फरक पडला, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. कारण मोठा खर्च गाडीचा नसून कॉटचा आहे, आणि ती दोन्हीकडे तशीच राहते. मध्ये शनिवार-रविवार पुण्यात थांबावं लागलं तर त्या जेवणाचं वेगळं.

म्हणून आकडा कॉट सुटते तिथे पलटतो. महिन्याला चारच दिवस असतील, दोन दोन करून, तर दोन खेपांचे २,८००, लॉजवर दोन रात्रींचे १,२०० प्रमाणे २,४००, खाणं १,००० आणि रिक्षा ६००. एकूण ६,८००, हातात ५५,२००. पुण्यात मावशीकडे किंवा भावाकडे उतरायची सोय असेल तर बारा दिवसांचं गणितही सुधारतं, पण दर आठवड्याला तीन रात्री पाहुणा म्हणून किती महिने राहवतं तेही बघा.

पगार वाढवून घेण्यापेक्षा दिवस कमी करून घेण्यावर घासाघीस करणं अनेकदा फायद्याचं ठरतं, ते या हिशेबामुळे. पगारवाढीवर कर लागू शकतो, वाचलेल्या खेपेवर लागत नाही.

वंदे भारत आहे की आता. रोज जाऊन येता येणार नाही का?

कोल्हापूर-पुणे वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, पण ती रोज धावण्यासाठी नव्हे, आठवड्यातून तीन दिवसांसाठी सुरू झाली. वेळही अशी की कोल्हापूरहून सकाळी निघून पुण्याला पोहोचेपर्यंत दुपार होते. ऑफिसचा दिवस त्यात बसत नाही. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पहाटे पुण्यात उतरवते, ती ऑफिसच्या दृष्टीने जास्त उपयोगी, फक्त तेवढ्या पहाटे कुठे जायचं हे ठरलेलं हवं. रस्त्याने म्हणाल तर किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे चार टोलनाके आणि मधली रुंदीकरणाची कामं. कधी चार तासांत पोहोचाल, कधी सात लागतील. रोजचं जाणं-येणं विसरा.

पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर काय करतात?

हा प्रश्न पुण्याच्या एचआरला सुचतच नाही, आणि आपल्याला मात्र विचारावाच लागतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद राहिली. अशा वेळी घरून काम करायचं म्हटलं तरी वीज आणि नेट असेलच असं नाही.

बहुतेक पॉलिसींत 'अपरिहार्य परिस्थितीत मॅनेजरच्या परवानगीने' असं वाक्य असतं. त्याची अडचण अशी, की पुण्यात त्या दिवशी नुसती रिमझिम असते, ऑफिस नेहमीसारखं भरलेलं असतं, आणि 'अपरिहार्य' हे एकट्या तुमच्यापुरतंच असतं. म्हणून परवानगी मागताना 'खूप पाऊस आहे' असं लिहू नका. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी पातळीचा त्या दिवसाचा जिल्हा प्रशासनाचा आकडा, आणि रस्ता किंवा गाडी बंद असल्याची बातमी, दोन्ही मेलमध्ये जोडा. पाणी ३९ ला पोहोचलं की मेल टाका, रस्ता बंद व्हायची वाट बघू नका. आधी आलेल्या मेलला हो म्हणणं मॅनेजरला सोपं जातं. आणि असे दिवस नंतर भरून द्यायचे का, हेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या.

नियुक्तिपत्रात कामाचं ठिकाण 'पुणे' लिहिलंय. त्याने काही बिघडतं का?

सगळं त्यावरच ठरतं. कामाचं ठिकाण पुणे असेल, तर कोल्हापुरात राहणं ही तुमची खासगी निवड मानली जाते. प्रवासखर्च मिळत नाही, आणि उद्या पाचही दिवस या म्हटलं तर करार मोडला असं तुम्हाला म्हणता येत नाही, कारण करारात पुणेच आहे. घरून काम ही त्यात सवलत आहे.

पत्रात 'कामाचं ठिकाण: कोल्हापूर, निवासस्थानाहून, बोलावल्यास पुणे कार्यालय' असं असेल तर चित्र उलटं होतं. तेव्हा पुण्याला जाणं हा कामानिमित्तचा प्रवास होतो आणि त्याचा खर्च मागता येतो. असं पत्र क्वचितच मिळतं, आणि मिळालं तर पगार कोल्हापूरच्या राहणीमानाप्रमाणे लावायचा प्रयत्न होऊ शकतो. तरी मागून बघायला हरकत नाही, विशेषतः तुमच्या कामाची माणसं त्यांना सहज मिळत नसतील तेव्हा.

मुलाखतीत म्हणाले, 'आमच्याकडे वेळेचं काही बंधन नाही.' खरं असतं का ते?

अर्धं. साधारणपणे त्याचा अर्थ असा, की सकाळी आठला सुरू करा नाहीतर दहाला, पण मधले ठरलेले तास, समजा अकरा ते चार, हजर पाहिजे. त्यात काही वाईट नाही. अडचण कधी होते, तर ग्राहक अमेरिकेतला असतो आणि रोजचा कॉल रात्री साडेनऊला. मग ठरलेले तास अकरा ते चार आणि कॉल साडेनऊ ते साडेदहा, म्हणजे दिवस सकाळी अकराला सुरू होऊन रात्री साडेदहाला संपतो. त्याला लवचीकपणा म्हणतात खरं, पण ताणला तुम्हीच जाता.

यावर उपाय म्हणजे एचआरऐवजी ज्या टीममध्ये जाणार तिथल्या माणसाशी बोलायला मागा, आणि मत विचारू नका, गेल्या आठवड्याबद्दल विचारा. 'लवचीक आहे का' म्हटलं की उत्तर 'हो हो' असंच येणार. 'मागच्या बुधवारी तुम्ही शेवटचा कॉल किती वाजता केलात? कोण कोण ऑफिसात होतं?' असं विचारलं की खरं काय ते कळतं.

'कुठूनही काम करा' असं लिहिलंय. मग गावाकडून, राधानगरीहून केलं तर चालेल?

भारतातल्या भारतात सहसा चालतं, पण त्याच पॉलिसीत खाली 'वर्षातून इतके दिवस' अशी मर्यादा आहे का ते पाहा. महिनाभराची मर्यादा घालून मथळ्यात 'कुठूनही' लिहिलेलं असतं. शिवाय सार्वजनिक वायफायवर किंवा कॅफेत बसून ग्राहकाची माहिती उघडायला मनाई असू शकते. परदेशातून काम करायचं असेल तर कराचा आणि व्हिसाचा प्रश्न येतो. तिथे लेखी परवानगीशिवाय लॅपटॉप उघडूसुद्धा नका.

कोल्हापुरातल्या कोवर्किंगमध्ये बसलो तर तो ऑफिसचा दिवस धरतात का?

नाही, घरचाच धरतात. कंपनीने स्वतः जागा घेतली असेल तरच वेगळं. मात्र घरी जागा नसेल तर महिन्याचे काही दिवस तिथे बसायचा खर्च कंपनी देते का, हे विचारण्यासारखं आहे. पुण्यातल्या ऑफिसच्या एका खुर्चीपेक्षा तो त्यांना स्वस्त पडतो.

खुर्ची, टेबल, मॉनिटर कंपनी देते का?

लॅपटॉप देतातच. पुढे दोन पद्धती आहेत आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे.

एक, वस्तू कंपनीच्या मालकीची राहते आणि तुम्हाला वापरायला मिळते. मॉनिटर, हेडसेट, कधी खुर्ची. त्यावर नंबराचं स्टिकर असतं, तुम्ही पावतीवर सही करता आणि सोडताना परत देता. दोन, एकरकमी पैसे मिळतात, समजा १५ हजार, आणि तुम्ही काय घ्यायचं ते घ्या. ही रक्कम बिलं न मागता पगारात आली तर ती पगारच, त्यावर कर कापला जातो. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर हातात बारा हजारांच्या आतच येणार. शिवाय 'वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास रक्कम परत' अशी अट असते. तेव्हा पूर्ण पंधरा हजार मागतात, हातात आलेले बारा नव्हे. ही ओळ शोधून काढा.

वस्तू कोल्हापुरात घरपोच देतात का, हेही बघा. 'पुणे कार्यालयातून घेऊन जावे' असेल तर २४ इंची मॉनिटर एसटीत मांडीवर घेऊन यायची तयारी ठेवा. आणि डिलिव्हरीच्या वेळी खोका उघडताना व्हिडिओ काढा. कोपऱ्यातला तडा वाटेत पडला की तुमच्याकडून, हा वाद सहा महिन्यांनी निघतो.

नेटचं बिल देऊ म्हणाले, पण दिलेलं बिल परत पाठवलं. असं का?

आपल्याकडे हे फार होतं. नेटचं कनेक्शन वडिलांच्या नावावर असतं. ते गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेतलेलं. तो महिन्याला येतो, पैसे घेतो आणि फार तर छापील पावतीवर आकडा लिहून देतो. कंपनीच्या लेखा विभागाला मात्र कर्मचाऱ्याच्या नावाचं, तारखेचं आणि जीएसटी क्रमांक असलेलं बिल लागतं. नाहीतर ती रक्कम खर्चाची भरपाई न धरता पगार धरावी लागते, म्हणून ते परत पाठवतात. यात त्यांचा छळवाद नसतो.

उपाय सोपा. नोकरीवर रुजू व्हायच्या आधीच कनेक्शन स्वतःच्या नावावर करून घ्या, किंवा पक्कं बिल देणाऱ्या कंपनीचं नवीन घ्या. आणि दरमहा कमाल किती, वार्षिक प्लॅन घेतला तर पूर्ण रक्कम एकदम मिळते का, हे विचारा. वर्षाचं बिल भरून बाराशेच परत मिळालेले लोक पाहिले आहेत.

लाइट गेली तर? इन्व्हर्टरचे पैसे मिळतात?

फार कमी ठिकाणी मिळतात. पण पॉलिसीत 'अखंड वीज आणि इंटरनेट ही कर्मचाऱ्याची जबाबदारी' हे वाक्य मात्र असतं. म्हणजे महावितरणने दुरुस्तीसाठी चार तास पुरवठा बंद ठेवला तर ती तुमची अर्धी रजा ठरू शकते.

खर्च वाटतो तेवढा नाही. लॅपटॉप ६५ वॅट, मॉनिटर २५, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५ धरा, एकूण शंभराच्या आसपास. घरातल्या नेहमीच्या १५० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-अवर असतात, त्यातले दोन-तृतीयांश हाती लागले तरी बारा तास निघतात. पंखा आणि टीव्ही त्याच लाइनवर असेल तर ते निम्म्यावर येतं. इन्व्हर्टरच नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्या, पण फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही वीज लागते हे लक्षात ठेवा. राउटरचे दिवे लागलेले असतात आणि नेट मात्र नसतं, तेव्हा कारण सहसा हेच असतं.

घरी असताना लॅपटॉप बिघडला तर?

पॉलिसीत शोधायचे शब्द आहेत 'बदली यंत्र' आणि 'किती दिवसांत'. पुण्यातला माणूस दुपारी ऑफिसात जाऊन दुसरा घेऊन येतो. तुम्हाला कुरिअरने पाठवायचा, दुरुस्त होऊन परत यायचा, म्हणजे आठवडा गेला. त्या आठवड्याची रजा कापणार की दुसरा लॅपटॉप पाठवणार? बऱ्याच ठिकाणी लेखी उत्तरच नसतं आणि शेवटी 'तू ये ना पुण्यात दोन दिवस' असं होतं. ते दोन दिवस निदान ऑफिसच्या हजेरीत धरा, एवढं तरी म्हणून घ्या.

पुण्यात कॉटचं भाडं देतो, घर कोल्हापुरात स्वतःचं. घरभाडे भत्त्यावर करसवलत मिळते का?

जुन्या करप्रणालीत असाल आणि भाडं खरोखर देत असाल तर मिळते. स्वतःच्या घरात राहून भाड्याची सवलत घेता येत नाही हे खरं, पण पुण्यातल्या कॉटचं भाडं हा वेगळा, प्रत्यक्ष खर्च आहे. पावती हवी. आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. महिना ९,००० म्हणजे वर्षाचे १,०८,०००, अगदी मर्यादेच्या पलीकडे. कॉटवाल्या काकू पॅनचं नाव काढलं की विषय बदलतात, म्हणून जागा घेतानाच विचारा. नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही, आणि तुम्ही काही निवडलं नाही तर नवीच लागू होते.

घरून काम हा माझा हक्क आहे असं म्हणता येईल का?

सर्वसाधारण खासगी नोकरीत असा कायदेशीर हक्क नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली: बाळंतपणाच्या रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर कंपनी आणि कर्मचारी मिळून ठरवतील त्या अटींवर घरून काम देता येतं. तिथेही 'देता येतं' आहे, 'द्यावंच' नाही. तरी ती तरतूद दाखवून विनंती केली की एचआरला नुसतं 'पॉलिसीत नाही' म्हणून टाळता येत नाही.

मग रुजू व्हायच्या आधी नेमकं काय विचारू? फार प्रश्न विचारले तर ऑफर मागे घेतील का?

एका मेलने ऑफर मागे घेत नाहीत. दहा फोन केले तर मात्र वैतागतात. ऑफर स्वीकारायच्या आधी एचआरला एकच मेल करा, मजकूर साधारण असा: 'मी कोल्हापूरला राहतो, म्हणून नियोजनासाठी थोडी माहिती हवी होती. ऑफिसचे दिवस ठरलेल्या वारी आहेत की महिन्याच्या सरासरीने? ते सलग भरता येतील का? मोजणीतून रजा आणि सुट्ट्या वजा होतात का? दिवस वाढवायचे झाल्यास किती आधी कळवाल?' चार प्रश्न, बस. उत्तर फोनवर आलं तर संध्याकाळी 'आज बोलल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून तेच मुद्दे मेलवर लिहून पाठवा. पुढे मॅनेजर बदलला की हीच मेल कामाला येते. तोंडी दिलेली सवलत देणाऱ्या मॅनेजरबरोबरच निघून जाते, हे नेहमीचं आहे.

रुजू झाल्यावर सहा महिन्यांत पॉलिसी बदलली. पाच दिवस या म्हणतात. काही करता येतं का?

'कंपनी ही पॉलिसी कधीही बदलू शकते' ही ओळ जवळपास सगळीकडे असते, त्यामुळे भांडून फार मिळत नाही. मागण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. मुदत मागा: जागा शोधायला साठ दिवस तरी द्या. आणि वैयक्तिक अपवाद मागा, पण तो कायमचा नको, तीन महिन्यांचा. कायमच्या अपवादाला वरून मंजुरी लागते, तात्पुरता मॅनेजरच्या सहीने होऊ शकतो, आणि पुढे वाढवताही येतो. तुमची ती जुनी मेल सोबत जोडा. दोन्ही नाकारलं तर नोटीस पिरियड किती आहे ते बघा, कारण नव्वद दिवसांचा असेल तर तेवढे दिवस तरी पुण्याचं भाडं भरावंच लागणार.

नोकरी सोडताना घरातलं सामान परत कसं द्यायचं?

पोहोचवण्याचा खर्च कोणाचा ते आधी मेलवर विचारा, कुरिअर कंपनीनेच बुक केलं तर उत्तम. स्टिकरवरचे नंबर दिसतील असे फोटो काढा, चार्जर आणि केबल मोजून ठेवा, कारण शेवटच्या हिशेबात सगळ्यात जास्त पैसे हरवलेल्या चार्जरचे कापले जातात. हाताने पुण्यात नेऊन दिलं तर आयटी विभागाकडून पोचपावतीची मेल येईपर्यंत तिथून हलू नका. आणि खुर्ची परत न्यायचा कंटाळा करून कुणी तोंडी 'राहू दे तुझ्याकडेच' म्हणालं, तर तेवढं एक वाक्य मेलवर लिहून घ्या.